गॅसवरची गाडी: बचत किती, वसुली कधी?

पेट्रोल १०४ रुपये लिटर, ऑटो एलपीजी ६० रुपये लिटर, म्हणजे लिटरमागे ४४ रुपये वाचले. किट विकणारा माणूस कॅल्क्युलेटरवर एवढाच हिशेब करतो आणि किटचे पैसे वर्षाच्या आत सुटतील असं दाखवून देतो. वर एक आमिषही जोडलेलं असतं: ‘गॅसवर इंजिन ऑइल काळंच पडत नाही साहेब, दुप्पट चालवा.’ दोन्ही गोष्टींत थोडं खरं आहे. पण वसुलीला लागणारा खरा काळ साधारण दुप्पट निघतो, आणि ऑइलच्या बाबतीत तर डोळ्यांना दिसतं तेच फसवं असतं. (वरचे भाव हिशेबापुरते धरलेले आहेत. ते गावागणिक आणि महिन्यागणिक बदलतात, तेव्हा आपल्या पंपावरचे आकडे घालून हीच गणितं पुन्हा करावीत.)

आधी लिटरची गंमत पाहू. एलपीजी म्हणजे दाबाखाली द्रवरूप झालेलं प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण. किलोवर तोललं तर त्यात पेट्रोलपेक्षा थोडी जास्तच उष्णता असते, पण हा द्रव हलका असतो. एक लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास भरतं, एक लिटर एलपीजीचं जेमतेम अर्धा किलो किंवा थोडं जास्त. पंपावर मात्र दोन्ही लिटरनेच मिळतात. त्यामुळे एक लिटर पेट्रोलचं काम करायला सव्वा लिटर गॅस लागतो. पेट्रोलवर १५ चं ॲव्हरेज देणारी गाडी गॅसवर १२ चं देते. ‘किट बसवलं आणि ॲव्हरेज पडलं’ ही तक्रार म्हणूनच तशी तक्रार नाही. १२ ऐवजी ९ मिळत असेल, तर मात्र ट्यूनिंग चुकलेलं आहे.

सव्वा लिटर गॅसचे झाले ७५ रुपये. म्हणजे गॅसने वाचवलेल्या पेट्रोलच्या दर लिटरमागे खरी बचत ४४ नव्हे, २९ रुपयांची. याच हिशेबातून आणखी एक सोपा नियम निघतो. गॅसचा भाव पेट्रोलच्या भावाच्या ८० टक्क्यांवर गेला की इंधनातली बचत शून्य. सध्याच्या आपल्या उदाहरणात तो ५८ टक्के आहे, म्हणून गणिताला जागा आहे.

दुसरी वजावट गाडी सुरू होतानाची. आज जे किट बसवायला हवं ते सीक्वेन्शियल प्रकारचं. त्यात टाकीतला द्रव गॅस बॉनेटखालच्या रिड्यूसरमध्ये येतो, तिथे त्याची वाफ होते, आणि प्रत्येक सिलिंडरसाठीचा वेगळा इंजेक्टर ती मोजून आत सोडतो. किती आणि केव्हा सोडायची हे किटचा छोटा संगणक गाडीच्या मूळ संगणकाकडे पाहून ठरवतो. द्रवाची वाफ होताना रिड्यूसर प्रचंड थंड पडतो, म्हणून त्याला रेडिएटरच्या गरम पाण्याचे पाइप जोडलेले असतात. पाणी तापलेलं नसेल तर रिड्यूसर गोठतो. त्यामुळे गाडी नेहमी पेट्रोलवर सुरू होते आणि कूलंट साधारण ३० ते ४० अंशांवर गेलं की आपोआप गॅसवर जाते. पुण्याहून साताऱ्याला जाणाऱ्याला हे कळतही नाही. पण घरातून भाजी मंडई, मंडईतून मुलांची शाळा, असं दीड-दोन किलोमीटरचं फिरणं असेल, तर बरंचसं अंतर पेट्रोलवरच कापलं जातं.

जुन्या मिक्सर पद्धतीचं किट स्वस्त पडतं, पण ते फक्त कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांना शोभतं. त्यात इनटेकचा सगळा मार्ग गॅस-हवेच्या मिश्रणाने भरलेला असतो. एखादी ठिणगी मागे आली की मोठा आवाज होऊन एअर फिल्टरचा डबाच फुटतो. इंजेक्शनच्या गाडीला हे किट दहा-पंधरा हजारांनी स्वस्त मिळालं, तरी घेऊ नये.

आता पूर्ण हिशेब मांडू. १.१ लिटर इंजिनाची पाच-सहा वर्षांची छोटी हॅचबॅक, ॲव्हरेज १५, मालक रोज कामाला ये-जा करणारा, वर्षाचं रनिंग १५,००० किलोमीटर. किट, टाकी, फिटिंगचे ३५,००० रुपये आणि आरटीओ व कागदपत्रांचे ३,००० धरले, तर एकूण गुंतवणूक ३८,०००.

नुसत्या पेट्रोलवर या गाडीला वर्षाला १,००० लिटर लागतं, म्हणजे १,०४,००० रुपये. लांबच्या फेऱ्यांमुळे नव्वद टक्के अंतर गॅसवर गेलं, तर १०० लिटर पेट्रोल लागणारच, उरलेल्या ९०० लिटरच्या जागी गॅस येईल. लिटरमागे २९ रुपयांनी इंधनातली बचत २६,१०० रुपये होते. दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरने हीच ४४,००० दाखवली होती.

यातून दरवर्षीचा जादा खर्च वजा करायचा. विमा कंपनी किटसाठी सहसा त्याच्या किमतीच्या चार टक्के जादा हप्ता घेते. त्यात थर्ड पार्टीची किरकोळ वाढ आणि कर मिळवले की सुमारे १,७०० रुपये होतात. गॅसचे फिल्टर, रिड्यूसरची साफसफाई, थोडे लवकर बदलावे लागणारे स्पार्क प्लग आणि टॅपेटची तपासणी यांचे वर्षाला २,८०० धरू. म्हणजे ४,५०० गेले, हातात राहिले २१,६००. या वेगाने ३८,००० वसूल व्हायला एकवीस महिने लागतात. दुकानात सांगितले होते साडेदहा.

एकवीस महिने हेही वाईट नाहीत. आता हीच गाडी गावातल्या गावात फिरणाऱ्या निवृत्त गृहस्थांची आहे असं समजा. वर्षाला ६,००० किलोमीटर, आणि छोट्या फेऱ्यांमुळे गॅसवर फक्त साठ टक्के. त्यांचं ४०० लिटरपैकी २४० लिटर पेट्रोल वाचतं, म्हणजे ६,९६० रुपये. विमा आणि किमान देखभालीचे ३,००० गेले की उरतात ३,९६०. वसुलीला साडेनऊ वर्षं. तोवर बहुधा गाडीच विकलेली असेल, आणि किट आहे म्हणून सेकंडहँड गाडीला कोणी जास्त पैसे देत नाही; उलट काही गिऱ्हाइकं त्यामुळेच मागे फिरतात.

आता ऑइलकडे येऊ. गॅसवरच्या गाडीची डिपस्टिक पाच-सहा हजार किलोमीटरनंतर काढून पाहा, ऑइल अजून मधाळ रंगाचं दिसेल. पेट्रोलवर ते एव्हाना काळपट झालं असतं. याचं कारण सरळ आहे. थंड इंजिनात पेट्रोलचे थेंब पूर्ण न जळता सिलिंडरच्या भिंतीवर बसतात, तिथली ऑइलची फिल्म धुऊन काढतात आणि रिंगांवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतात. गॅस वाफेच्या रूपातच आत येतो, त्यामुळे हे धुणंही नाही आणि ऑइल पातळ होणंही नाही. गॅस जळताना काजळीही फार कमी धरते. म्हणून ऑइल काळं होत नाही, आणि सिलिंडर व रिंगांची झीजही कमी राहते. हा फायदा खरा आहे.

पण ऑइल खराब होण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत आणि काजळी हा त्यातला फक्त डोळ्यांना दिसणारा. सिलिंडरमधल्या उष्णतेत हवेतल्या नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. रिंगांवरून निसटून खाली आलेल्या वायूंबरोबर ती ऑइलमध्ये शिरतात आणि त्याच्याशी संयोग पावतात. याला नायट्रेशन म्हणतात. गरम ऑइलचं हवेशी ऑक्सिडेशन होतं ते वेगळंच. दोन्हींमुळे ऑइल हळूहळू घट्ट होत जातं, त्यात आम्ल वाढतं, आणि ते आम्ल मारण्यासाठी कंपनीने घातलेली द्रव्यं संपत जातात. पेट्रोलच्या गाडीत पातळ करणारं पेट्रोल आणि घट्ट करणारं ऑक्सिडेशन काही प्रमाणात एकमेकांना छेद देतात. गॅसच्या गाडीत घट्ट होणंच तेवढं उरतं. रंग मात्र छान राहतो. प्रयोगशाळेत वापरलेल्या ऑइलची चिकटाई, आम्ल मारण्याची उरलेली ताकद आणि नायट्रेशन मोजता येतं, मोठ्या वाहतूक कंपन्या ते करूनही घेतात. एका छोट्या कारसाठी तो खर्च परवडत नाही. म्हणून कंपनीच्या पुस्तकात दहा हजार किंवा एक वर्ष लिहिलं असेल, तर गॅसवरही तेच पाळावं.

दुप्पट चालवून किती वाचतं तेही पाहू. आपल्या पंधरा हजारवाल्या गाडीचा ऑइल-फिल्टर बदल २,००० रुपयांना पडत असेल, तर वर्षाला दीड बदलाचे ३,००० होतात. मुदत दुप्पट केली तर १,५०० वाचतात, आणि एकवीस महिन्यांची वसुली सुमारे वीसवर येते. एवढ्यासाठी इंजिन पणाला लावायचं कारण नाही.

‘गॅससाठी खास’ असा शिक्का असलेलं ऑइल घ्यावं का, हाही प्रश्न नेहमी येतो. ऑइल जळाल्यावर मागे उरणाऱ्या राखेशी त्याचा संबंध आहे. राख फार झाली तर व्हॉल्व्ह आणि प्लगवर थर बसतो. मोठ्या स्थिर गॅस इंजिनांना त्यामुळे कमी राखेचं ऑइल लागतं. कारमध्ये मात्र थोडी राख व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटच्या मध्ये गादीसारखी उपयोगी पडते. गाडी पेट्रोल आणि गॅस दोन्हींवर चालणार असल्याने कंपनीने सांगितलेला ग्रेड आणि दर्जा सोडू नये, हे माझं मत. शिक्क्यासाठी जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

ऑइल पाहताना काही खुणा लक्षात ठेवाव्यात. जुन्या गाडीला किट बसवल्यावर पहिलंच ऑइल झपाट्याने काळं झालं तर घाबरू नये. इंजिनात साठलेला पेट्रोलच्या काळातला कचरा नवं ऑइल धुऊन काढत असतं. पुढच्या बदलानंतरही तसंच होत राहिलं, तर रिंगा गेलेल्या असण्याची किंवा गाडी प्रत्यक्षात बराच वेळ पेट्रोलवर धावत असण्याची शक्यता धरावी. ऑइलला पेट्रोलचा वास आला तर पेट्रोलचा इंजेक्टर गळत आहे का ते पाहावं. झाकणाखाली पांढरट लोण्यासारखा थर दिसला, तर फेऱ्या फार छोट्या होत आहेत. एलपीजी जळताना पाण्याची वाफ पेट्रोलपेक्षा थोडी जास्त तयार होते आणि इंजिन नीट तापलं नाही तर ती ऑइलमध्येच राहते. कूलंटही कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट तपासायला हवं.

आणखी एक तेलकट प्रकार खुद्द गॅसमधून येतो. एलपीजीत जड, न उडणारे अंश थोडे असतात. वाफ होताना ते मागे राहतात आणि रिड्यूसरच्या तळाशी तपकिरी, चिकट, उग्र वासाचं तेल साचतं. काही रिड्यूसरना ते काढायला खाली बोल्ट असतो. इंजिन गरम असताना, गॅस बंद करून तो सोडायचा. हे साचलेलं पुढे गेलं की वाफेचा फिल्टर तुंबतो, गॅसचे इंजेक्टर चिकटतात, आणि गाडी गॅसवर झटके देऊ लागते. फिल्टर काही शे रुपयांचा असतो. तो वेळेवर न बदलल्याने इंजेक्टरची पूर्ण रांग बदलायची वेळ आलेले लोक थोडे नाहीत.

इंजिनाची खरी जोखीम मात्र ऑइलमध्ये नसून हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर असते. गॅस कोरडा जळतो, सीटवर कसलाही लेप धरत नाही. मिश्रण थोडं जरी पातळ ट्यून झालं तरी तिथलं तापमान वाढतं. सीटचा धातू मऊ असेल तर व्हॉल्व्ह तिच्यात हळूहळू रुतत जातो. तो जसजसा रुततो तसतशी टॅपेटची फट कमी होते. ही फट मुळातच मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांची. ती संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, फटीतून तापलेला वायू निसटतो आणि त्याची कड जळते. मग हेड उतरवायचं. त्याचा खर्च वर्षभराची बचत सहज खाऊन टाकतो.

यात फसवणारी गोष्ट अशी की बिघाड वाढतो तसा आवाज कमी होतो. टॅपेट वाजत असेल तर फट आहे. नेहमी हलकं टकटकणारं इंजिन गॅसवर गेल्यापासून एकदम गुळगुळीत, शांत झालं असेल, तर मेकॅनिककडून फिलर गेज लावून घ्यावा. दर वीस-पंचवीस हजार किलोमीटरला ही तपासणी करायची. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात ही फट आपोआप सांभाळली जाते, पण त्यालाही मर्यादा असते, आणि तिथे आधी सूचना मिळत नाही. सीटच्या रक्षणासाठी थेंब थेंब सोडायचं द्रव्य विकलं जातं. मला त्यापेक्षा योग्य ट्यूनिंग आणि लांब चढावर गॅस फार दामटून न चालवणं यांचा भरवसा जास्त वाटतो.

आयडलिंगला गाडी थडथडत असेल तर दोष कुठे आहे हे घरीच बऱ्यापैकी कळतं. डॅशबोर्डवरचं बटण दाबून गाडी पेट्रोलवर घ्या. थडथड थांबली तर प्लग, कॉइल किंवा गॅसचा फिल्टर. एलपीजीच्या मिश्रणाला ठिणगी जोरकस लागते, म्हणून कमजोर कॉइल आधी गॅसवर उघडी पडते. पेट्रोलवरही थडथड कायम राहिली, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या.

पेट्रोलची टाकी मात्र रिकामी ठेवू नका. पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. बऱ्याच गाड्यांत तो गॅसवरही फिरत राहतो. पाव टाकी पेट्रोल कायम असू द्यावं आणि आठवड्यातून थोडं अंतर मुद्दाम पेट्रोलवर चालवावं. पेट्रोलच्या जागी गॅस टाकून पंप जाळला, तर तोही खर्च वसुलीच्या हिशेबात धरावा लागतो.

टाकी बहुतेक वेळा स्टेपनीच्या जागी बसणारी गोल कड्यासारखी असते. ३५ लिटरच्या टाकीत २८ लिटरच गॅस भरतो, कारण उन्हात द्रव फुगतो आणि त्याला वीस टक्के जागा मोकळी लागते. टाकीवरचा मल्टिव्हॉल्व्ह ऐंशी टक्क्यांवर भरणं आपोआप थांबवतो. पाइप तुटला तर गॅस रोखणारा आणि दाब अती झाला तर सोडणारा व्हॉल्व्हही तिथेच असतात. घरगुती लाल सिलिंडरवर यांतलं ऐंशी टक्क्यांचं बंधनही नाही आणि तुटल्या पाइपचा अटकावही नाही. २००० सालच्या कायद्याने एलपीजीला वाहनाचं इंधन म्हणून मान्यता मिळण्यापूर्वी मारुती व्हॅनच्या मागे असे सिलिंडर सर्रास दिसत. आजही कुठेकुठे ते चालतं. तो गुन्हा आहे, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो गळला तर तळघरातल्या पार्किंगमध्ये खाली साचून राहतो. गळती शोधायला साबणाचं पाणीच वापरावं.

कागदोपत्री बाजूत एकच गोष्ट नीट तपासा. किटला मान्यता मिळते ती पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून, आणि ती इंजिनाच्या ठरावीक क्षमतेपुरती व उत्सर्जनाच्या ठरावीक श्रेणीपुरती असते. बीएस-६ पेट्रोल गाड्यांना किट बसवायची नियमांत सोय झाली ती २०२२ मध्ये. तेव्हा फिटरकडून मान्यतेच्या प्रमाणपत्राची प्रत घ्या, त्यात आपली गाडी बसते का ते पाहा, आणि आरसीवर इंधनाची नोंद ‘पेट्रोल/एलपीजी’ अशी होईपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. गाडी वॉरंटीत असेल तर ती संपेपर्यंत थांबा. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल सोडणारं इंजिन असेल, तर किटचा विचार सोडून द्या.

आणि पैसे देण्याआधी रोजच्या वाटेवर ऑटो एलपीजीचा पंप आहे का, तो नियमित चालू असतो का, हे बघून या. सीएनजी पसरला तशी अनेक ठिकाणी ही सोय आक्रसली आहे. २८ लिटर गॅस म्हणजे सव्वातीनशे किलोमीटर. दर वेळी भरायला दहा किलोमीटर वाकडी वाट करावी लागली, तर वर उरलेले २१,६०० त्या वाटेवरच झिजतात. महिन्याला हजार किलोमीटरच्या वर रनिंग, मुख्यतः लांब फेऱ्या, पंप वाटेवर आणि गाडी अजून किमान तीन वर्षं ठेवायची आहे: या चारही गोष्टी जुळत असतील तरच किट बसवा.